गुरुवारची कपात

वसतिगृह,
३ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवरच बोललो असतो, पण आपल्याकडे फोन लागला रे लागला की बाबा स्पीकर चालू करतात आणि आई स्वयंपाकघरातून मध्येच विचारते, "काय म्हणतोय?" ही गोष्ट त्या दोघांच्या कानावर घालायची नाही. म्हणून तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर लिहितोय. चष्मे पुसून झाले की निवांत वाच.

दादा, मला पैसे पुरत नाहीत. आता तू म्हणणार, कधी पुरले होते! पण खरंच सांगतो, मी उधळत नाही. बाबा एक तारखेला पाठवतात, त्यातून मेसचे जातात, झेरॉक्स, साबण, चहा, संपलं. सिनेमाला गेलेलो नाही. तरी महिनाअखेर खात्यात हजाराचा खड्डा असतो. गेल्या महिन्यात मेसचे पैसे उशिरा भरले, तर मॅनेजरने सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं. पुन्हा असं झालं तर जेवण बंद. बाबांनी तर मी निघताना सांगूनच ठेवलंय, की हिशेबात राहता येत नसेल तर सामान उचल आणि घरी ये. मला परत यायचं नाही रे. इथे मला पहिल्यांदा अभ्यास कळायला लागलाय.

तू दिलेला फोन झकास चालतोय. त्याच्या पाठीवरचा तडा आता माझ्या ओळखीचा झालाय. आई-बाबांना नमस्कार, तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
ढब्बू

*

घर,
९ ऑगस्ट

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, दोनदा वाचलं. अरे शहाण्या, पैसे काय हवेत विरतात? रोज दोन चहा कमी कर, खड्डा आपोआप भरेल. मी तुझ्या वयाचा असताना एका पेनात वर्ष काढलंय. बाबांना मी काही बोललेलो नाही, तूही बोलू नकोस, त्यांचं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे.

एक विचारू? रागावू नकोस. तुझ्या खोलीत तो लंबू राहतो ना, तुझ्याच फोनवरून घरी फोन लावणारा? त्याला तुझा पिन माहीत असेल. मी कुणाचं नाव घेत नाही, पण परक्याच्या हातात फोन देताना माणसाने दहादा विचार करावा. तू भोळा आहेस, हे मी लहानपणापासून बघतोय.

तब्येत सांभाळ, मोठ्या भावाचं ऐकत जा, आणि मला विसरू नकोस.

तुझा,
दादा

*

वसतिगृह,
६ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. लंबूला विचारलं. नीट विचारायला हवं होतं, पण मेसच्या मॅनेजरने पुन्हा टोकलं होतं, डोकं तापलं होतं, आणि दारात आणखी तिघे उभे होते. त्याने कपाट उघडलं, कपडे, पुस्तकं, सगळं पलंगावर ओतलं, खिसे उलटे करून दाखवले आणि म्हणाला की बघून घे. दुसऱ्या दिवशी वॉर्डनकडे अर्ज देऊन तो टोकाच्या खोलीत राहायला गेला. त्याचा स्वतःचा फोन बंद पडलाय, म्हणून माझ्यावरून आईशी बोलायचा. आता तो ऑफिसच्या फोनसाठी रांगेत उभा असतो.

आणि दादा, पिन बदलला, लंबू गेला, तरी पैसे जातातच आहेत! शेवटी बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी तीन महिन्यांचा उतारा काढून दिला. दर गुरुवारी दोनशे एकोणपन्नास. रक्कम लहान, म्हणून बँक मेसेजही पाठवत नाही. नाव म्हणशील तर फक्त ॲप स्टोअरचं. कुठलं ॲप, ते बँकेला कळतच नाही. मी घाबरून फोनमधले सगळे गेम उडवले. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले.

हा फोन तू दोन वर्षं वापरलास, तुला काही सुचतंय का? लवकर कळव, या वेळी आशीर्वादापेक्षा उत्तराची जास्त गरज आहे.

तुझा,
ढब्बू

*

घर,
१२ सप्टेंबर

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तू फार डोक्याला लावून घेतोस. ही ॲपवाली मंडळी काही ना काही कापतच असतात, कधीतरी आपोआप बंदही होतं. उगाच सेटिंग चाळत बसू नकोस, खातं लॉक झालं तर बसशील बोंबलत. बँकेच्या चकराही मारू नकोस. सोबत थोडे पैसे पाठवतोय, मेसचे भर.

त्या मुलाचं म्हणशील तर जे झालं ते बरंच झालं. खोली मोकळी मिळाली, अभ्यास कर. आई तुझी आठवण काढते. तूही आमची काढत जा.

तुझा,
दादा

*

वसतिगृह,
५ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून लिहिला नाही.

गेल्या दोन गुरुवारी दोनशे एकोणपन्नासच्या ऐवजी दोनशे नव्व्याण्णव गेले. तेव्हा मी तुझं न ऐकता स्टोअरच्या मदत केंद्राशी चॅटवर बोललो. त्यांनी पावतीचा नंबर मागितला. पावती ईमेलवर येते म्हणाले. माझ्या ईमेलवर एकही नाही. मग त्यांनी सांगितलं, की वर्गणी ज्याच्या अकाउंटवर असते, पावती त्यालाच जाते; कार्ड दुसऱ्याचं असलं तरी. ॲप फोनमधून काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही, ती अकाउंटवरून रद्द करावी लागते. तुमच्या फोनवर दुसरं अकाउंट आहे का, बघा, म्हणाले.

स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवलं. खाली दोन नावं आली. एक माझं कॉलेजचं. दुसऱ्याला तुझा तो लग्नातला फेटेवाला फोटो. फोन देताना तू तुझं अकाउंट काढलंच नव्हतंस. त्यात जाऊन 'वर्गण्या' उघडलं. एकच होती: गाण्याचं ॲप, साप्ताहिक, चालू. खाली पैसे भरण्याचे मार्ग. पहिलं कार्ड तुझं, मुदत संपलेलं. दुसरं, पर्यायी म्हणून, माझं. शेवटचे चार आकडे माझे. इथे आल्यावर मी शब्दकोशाचं ॲप विकत घेतलं होतं ना, तेव्हा स्टोअर तुझ्याच अकाउंटवर उघडं होतं. माझं कार्ड तिथे जाऊन बसलं आणि तुझं कार्ड मेलं तसं स्टोअरने माझं ओढायला सुरुवात केली.

इथपर्यंत मी मनातल्या मनात तुला माफ करून टाकलं होतं. चूक होते माणसाची. म्हटलं, दादाला बिचाऱ्याला पत्ताच नसेल.

मग मी मदत केंद्राला विचारलं की मध्येच भाव कसा वाढला. ते म्हणाले, आम्ही परस्पर वाढवत नाही. महिनाभर आधी अकाउंटच्या मालकाला कळवतो, आणि त्याने 'मान्य' दाबलं तरच वर्गणी पुढे चालते. नाही दाबलं तर ती मुदतीनंतर आपोआप बंद पडते.

म्हणजे तुला काही करायचं नव्हतं, दादा. नुसतं हातावर हात ठेवून बसायचं होतं. सूचना आली ती ऑगस्टच्या शेवटी, माझं पहिलं पत्र तुझ्या खिशात असताना. तू 'मान्य' दाबलंस. दर आठवड्याला पावती तुला येत होती, तिच्यावर माझ्या कार्डाचे आकडे होते, आणि तू मला चहा कमी करायला सांगत होतास! मी केला, माहीत आहे? दुपारचा सोडला.

ते ॲप फोनवर घेऊन उघडून पाहिलं. तू रात्री दुकान बंद करून आतल्या खोलीत गातोस आणि ती गाणी तिथे टाकतोस. दोनशे अनोळखी लोकांनी पसंतीचे लाल बदाम दिलेत. फार छान गातोस. घरात कुणाला कधी ऐकवलं नाहीस. ते ऐकताना मला रडू आलं आणि तुझा इतका राग आला की फोन भिंतीवर मारणार होतो.

पैशाचं जाऊ दे. लंबूचं नाव तू का सुचवलंस? तुला ठाऊक होतं की तो चोर नाही. जगात हे ठाऊक असलेला तू एकटाच होतास.

ढब्बू

*

घर,
९ ऑक्टोबर

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

काय लिहू? पहिले दोन आठवडे मला खरंच कळलं नव्हतं. कळलं तेव्हा वाटलं, पुढच्या पगाराला तुला सगळे एकदम देऊन टाकू. मग तुझं पत्र आलं आणि माझी जीभच उचलेना. दिवसभर मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो रे. वर्गणी बंद झाली की गाणी पुसली जातील अशी सूचना आली, आणि बोट 'मान्य'वर गेलं. त्या मुलाचं नाव घाईत लिहून गेलो. इतकं होईल असं वाटलं नव्हतं.

गेलेले सगळे पैसे आज पाठवलेत, वर थोडे जास्तच आहेत. आता हे आपल्या दोघांत मिटवू. आई-बाबांना कळलं तर मी त्यांना तोंड कसं दाखवू? दादाला एवढं सांभाळून घे.

तुझाच,
दादा

*

वसतिगृह,
१८ ऑक्टोबर

दादास,
नमस्कार.

पैसे मिळाले. मेसचे भरले, वरचे परत पाठवलेत. तुझी वर्गणी मी रद्द केलेली नाही. फक्त माझं कार्ड काढलं आणि तुझं अकाउंट या फोनवरून उतरवलं. गायचं असेल तर स्वतःच्या कमाईवर गा. कुणी अडवलंय?

आई-बाबांना मी सांगणार नाही. तुझ्यासाठी नव्हे. आईचा तुझ्यावर जेवढा विश्वास आहे तेवढा माझा होता, आणि तो गेल्यावर कसं वाटतं ते तिला कळायला नको.

पण लंबूचं आपल्या दोघांत मिटणारं नाही. परवा त्याच्या खोलीवर गेलो होतो. उतारा नेला, सगळं दाखवलं, आणि ज्या तिघांसमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच माफी मागितली. तो म्हणाला, असू दे. शांतपणे म्हणाला, अगदी सभ्यपणे. मग मी म्हटलं की परत खोलीत राहायला ये, फोनही वापर. तर म्हणाला, नको, उद्या पुन्हा काही कमी भरलं तर? मी शपथा घातल्या. तो हसला आणि म्हणाला, तुझ्यावर राग नाही, पण मला आता तुझ्या वस्तूंजवळ उभं राहायची भीती वाटते.

तू इथे ये. दुकानाला एक दिवस सुट्टी टाक. हे माझ्या तोंडून ऐकून त्याला काही उपयोग झालेला नाही, कारण मी चुकलो होतो. तू खोटं बोलला होतास. ते तू त्याच्यासमोर उभं राहून सांग. त्याची खोली टोकाची, डाव्या हाताची. दार वाजवलंस की तो स्वतः बाहेर येईल आणि दार ओढून घेऊन व्हरांड्यातच बोलेल, दोन्ही हात दिसतील असे पुढे धरून. वाईट वाटून घेऊ नकोस. हल्ली तो सगळ्यांशी असाच बोलतो.

येणार असशील त्या दिवशीच मला तुझा म्हण.

ढब्बू