अर्ध्या बादलीचं कॅप्शन

वापी, मे २०१६

तीर्थरूप संगप्पा मामांस मलप्पाचा शरणार्थ.

मी इकडं धडधाकट हाय, शिवगंगाबी मजेत हाय. तुमचे गुडघे कसे हायत? उदगीर जिल्हा झाला का? (झाला असेल तर कळवा, पाकिटावर पत्ता बदलून लिहितो.) लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही टीव्हीवर बघितलं. शिवगंगा डब्बे मोजीत बसली आणि मला उठून गॅस बंद करावा लागला, दूध उतू गेलं होतं.

फोन सोडून पत्र का, म्हणाल. तुम्ही फोनवर ‘हां, बरं हाय, ठेव’ म्हणून ठेवून देता. आणि आताची गोष्ट ठेवण्यासारखी न्हाई. माझं आणि शिवगंगेचं लग्न तुम्हीच जुळवलं, म्हणून तुमच्याकडंच गाऱ्हाणं मांडतो.

आमच्या लग्नाला परवा वर्ष झालं. इकडं कारखान्यातली पोरं अशा दिवशी जोडीचा फोटो फेसबुकवर टाकतात आणि वर चार ओळी लिहितात, त्याला कॅप्शन म्हणतात. समदे एकच लिहितात, ‘तू माझं जग, तू माझा श्वास’. आपल्याला खोटं जमत न्हाई. मी सातवी नापास माणूस, पण तीन पाळ्या डोकं खाजवून स्वतःच्या मनाचं लिहिलं. ते असं:

‘आज वर्ष झालं. या बाईनं मला वर्षभर अर्ध्या बादलीत आंघोळ घातली. भात बंद करून ज्वारीची भाकर चारली. रविवारी झोपू दिलं न्हाई.’

याच्याखाली मी एकेक ठिपका देऊन सात-आठ ओळी मोकळ्या सोडल्या. ही युक्ती पोरांनीच शिकवली. फेसबुक वरच्या थोड्याच ओळी दाखवतं, पुढं ‘आणखी पाहा’ येतं, त्यावर बोट ठेवलं की बाकीचं उघडतं. म्हणजे लोकांनी आधी हसायचं, मग बोट ठेवायचं, मग वाचायचं:

‘आमच्याकडं नळाला दोन्ही वेळा पाणी येतं. तरी ही दुष्काळी औशाची पोरगी भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालते. मी आधी चिडायचो. संक्रांतीला ही माहेरी गेली तेव्हा मी बादलीवर बादली ओतून घेतली, आणि अंग ओलं असताना लाज वाटली. मीबी नमलो, तीबी नमली. आता रविवारी भात करते आणि माझं घोरणं सोसते. अशी बायको मिळायला नशीब लागतं.’

कसं हाय, मामा? फोरमननं दोनदा वाचलं आणि घरी बायकोला फोन लावला. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

पण औशात माझ्या धाकट्या मेहुण्यानं (दहावीत हाय, बोटाला दम न्हाई) ठिपक्यांच्या वरचा भागच बघितला. त्याचा स्क्रीनशॉट काढला, म्हणजे फोनच्या पडद्याचा फोटो, आणि तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. फोटोतल्या ‘आणखी पाहा’वर कितीबी बोट दाबा, काय उघडणार? सासरे महादेवप्पा अप्पांनी आपल्या आडतीच्या दुकानात चार माणसांत तो वाचला. मी इकडं घाईघाईनं ठिपके पुसले, चांगलं वर आणि तक्रार खाली केली. फेसबुकवर सुधारलं, पण ग्रुपवरचा फोटो होता तसाच राहिला. वर मी सुधारलं म्हणून मेहुणा म्हणतो, दाजी घाबरले.

काल अप्पांचा फोन आला. एकच वाक्य बोलले, “माझ्या पोरीच्या पाण्याची चव्हाट्यावर टवाळी केलीस, शनिवारी येऊन तिला घेऊन जातो.”

मी ‘पुढचं वाचा’ म्हणेस्तोवर फोन बंद. (त्यांनीबी तुमच्यासारखाच ठेवला.) शिवगंगेला सांगितलं, तर ती नुसती ज्वारी निवडत बसली. मला त्याचीच धास्ती हाय. मामा, तिच्यावाचून ही खोली नुसत्या नळाची राहील.

तुमचा भाचा,
मलप्पा

ता. क. १ : खरं काम हे. हे पत्र मिळाल्या मिळाल्या घेऊन औशाला जा आणि अप्पांना कॅप्शन पुरं वाचून दाखवा. कागदावर बोट ठेवावं लागत न्हाई. शनिवारचं जाणं तेवढं रद्द करा.

ता. क. २ : मामा, मी शिवगंगा. पत्र टाकायला ह्यांनी माझ्याकडं दिलं, म्हणून लिहिते. हे लिहितात त्यातलं काही खोटं नाही. ते कॅप्शन मी आठ जणांना वाचून दाखवलं. अप्पांनाही मी कालच ह्यांच्या नकळत फोनवर पुरं ऐकवलं. ऐकून ते ‘जावई बरा हाय’ म्हणाले. शनिवारचं येणं मात्र त्यांनी मोडलं नाही, तुम्हीही त्यांना अडवू नका. पोरीला न्यायला म्हणून का होईना, दुकान सोडून येतायत. औशाला टँकर दहा-दहा दिवसांनी येतो. आईलाही घेऊन या म्हणावं. इथं आल्यावर दोघांना पोटभर आंघोळ घालते आणि मग मीच जात नाही म्हणून सांगते.