वहीत न लिहिलेला दिवस

प्रिय बुरुलचा,

सोबतचं पुडकं आत्ता उघडू नकोस. आधी पत्र वाच. ग्रंथालयातल्या तामारा-एजेच्या हाती पाठवतेय, कारण मी स्वतः तुझ्या दाराशी आले तर तू चहा ठेवशील, मी पाव मोडीन, आपण हवेवर आणि मेंढ्यांवर बोलू आणि मी तशीच परत येईन. वर्षभर बाजारात समोरासमोर येऊन आपण हेच करतोय, तेही पावाशिवाय.

सेझिम बरी आहे. बिश्केकला शिवणाच्या कारखान्यात आहे, बाह्या जोडते. सतरा वर्षांची मुलगी दिवसभर बाह्या जोडते आणि मला फोनवर सांगते, "आई, इथे कोणी ओरडत नाही, मशीनच एवढं ओरडतं." हसते ती. मी पण हसते. फोन ठेवला की भिंतीवरच्या जोल्चूच्या फोटोकडे बघते. तो असता तर त्याने मुलींना कुस्ती शिकवणाऱ्या त्या एसेनगुल अगायला कॉलर धरून बाहेर काढलं असतं, आणि मग पोलीस केस जोल्चूवरच झाली असती. मला ते येत नाही. मला वाचता येतं. नवरा गेल्यावर ग्रंथालयात फरशी पुसायचं काम मिळालं आणि पुसता पुसता पुस्तकं उघडायला लागले, एवढंच माझं शिक्षण.

तुला आठवतं, आपल्या दोघी मुली एकाच वजनगटात आल्या तेव्हा आपण किती हसलो होतो? एकोणपन्नास किलो, आणि संघात जागा एकच. "एक जण जेवेल, दुसरी बघेल," तू म्हणाली होतीस. पहिलं वर्ष सेझिमचं होतं. अगाय तिला सगळ्यांसमोर "माझं सोनं" म्हणायचे. मी त्यांना घरी जेवायला बोलावलं, कमरेच्या हाडाचा मानाचा तुकडा त्यांच्या पुढ्यात ठेवला. गावातल्या म्हाताऱ्यांना सोडून त्यांना. मग दुसऱ्या वर्षी सेझिमचा खांदा दुखावला, ती दोन महिने बसली, आणि परत गेली तेव्हा सोनं पितळ झालं होतं.

वही मी तेव्हा सुरू केली. पहिल्यांदा फार वाईट लिहिली. "आज अगायने माझ्या लेकीचा अपमान केला, माझं काळीज फाटलं." तामारा-एजेने वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "उल्कान, हे रडगाणं आहे. यावर कोण सही करणार? काय शब्द वापरला? किती वाजता? मॅटच्या कुठल्या बाजूला? कोण कोण होतं? तुझं काळीज वेगळ्या पानावर फाड." तिने तीस वर्षं कचेरीत कागद लावलेत. तिच्या सांगण्यावरून चौकटीची वही घेतली, पानांना आकडे घातले म्हणजे कोणी म्हणायला नको की मधलं पान फाडलं. त्याच दिवशी लिहायचं. खोडायचं असेल तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. जे मी ऐकलं ते "मी ऐकलं", जे सेझिमने सांगितलं ते "सेझिमने सांगितलं".

म्हणून आता त्या वहीत असं आहे: चौदा नोव्हेंबर, संध्याकाळी पाच चाळीस, खिडकीकडची मॅट, "मेलेल्या बापाची सहानुभूती इथे चालत नाही, गाय", अकरा मुली हजर, मी दारात. दोन डिसेंबर, वजनकाट्यापाशी, "हिला बोकडासारखी खाटकाकडे पाठवा, तिथे वजन लवकर उतरेल", सेझिमने सांगितलं, दोघींनी ऐकलं, नावं लिहिली आहेत. मुलींच्या ग्रुपवर त्यांनी आवाजात पाठवलेला निरोप मी सेझिमच्या फोनवर वाजवून माझ्या फोनवर टिपून घेतला. तासाभराने त्यांनी तो पुसून टाकला. माझ्याकडे राहिला.

आणि मार्चमधली निवडकुस्ती. तू होतीस. तुझी बेगाय चांगली लढली, मी तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते. पण सहा-चार झाली, सेझिमच्या बाजूने. पंचांनी गुणपत्रकावर सह्या केल्या, टेबलावर ठेवलं, मी त्याचा फोटो काढला. सकाळच्या वजनाच्या नोंदीचाही काढला: अठ्ठेचाळीस किलो नऊशे. दोन दिवसांनी दारावर यादी लागली, एकोणपन्नासच्या पुढे बेगायचं नाव. विचारायला गेले तर अगाय म्हणाले, "तुमच्या मुलीचं वजन स्थिर नाही आणि तोंडही. तुम्ही फरशा पुसा, बायजी, मॅट माझी आहे."

मी अर्ज दोन प्रतींत लिहिला. एक क्रीडा खात्याच्या समितीकडे दिली, माझ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. खिडकीतली पोरगी म्हणाली, "शिक्का कशाला, आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, "आहे गं बाळा, म्हणूनच मागतेय." चौदा कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि साक्षीला दुसऱ्या पालकाची सही हवी होती, म्हणून तुझ्याकडे आले.

तू मळत असलेल्या पिठातून हात काढले नाहीस. म्हणालीस, "उल्कान, माझ्या बेगायला अगाय कधी एक वाकडा शब्द बोलले नाहीत. मी खोटी साक्ष कशी देऊ?" मी अर्जाची घडी केली आणि निघाले. तुला वाटलं असेल, मी रागावले. ते तसं नव्हतं. ते का होतं, तिथपर्यंत येते.

नवव्या दिवशी ते माझ्या घरी आले. अगाय, त्यांचा चुलता आणि आपले ओमुरझाक म्हातारे. कापलेलं मेंढरू घेऊन. लोक म्हणतात मी विकले गेले, म्हणून तुला सांगते नीट काय झालं. दारात पांढऱ्या दाढीचा माणूस उभा असताना त्याला परत पाठवायचं मला कोणी शिकवलेलं नाही. मी बसवलं. मांस शिजत घातलं. अर्जाचं नावही कोणी काढलं नाही. अगाय खाली मान घालून बसले होते, एवढे गरीब दिसत होते की मीच त्यांच्या चहात दूध घातलं. जेवण झाल्यावर ओमुरझाक म्हणाले, "जोल्चू चांगला माणूस होता, त्याच्या नावाने कुराण म्हणू या." म्हटलं. आणि मग त्यांनी दोन्ही तळवे वर केले, दुवा द्यायला सुरुवात केली: या घरात शांती राहो, मनातली किल्मिषं जावोत, झालं गेलं विसरलं जावो. माझ्या नवऱ्याच्या नावाने कुराण म्हटलं गेलं होतं, बुरुलचा. माझे तळवे आपोआप वर गेले. मी ओमिन म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवले.

चुलता कोपऱ्यातून फोनवर टिपत होता. समितीपुढे तेच दाखवलं. माझी वही, गुणपत्रकाचा फोटो, आवाजातला निरोप, सगळं टेबलावर होतं. टक्कल असलेल्या साहेबाने वहीची चार पानंही उलटली, एकदा तर त्याच्या कपाळाला आठी पडली. मग त्याने तो व्हिडिओ बघितला, आणि त्याचा चेहरा सैलावला, जणू कोणी त्याच्या पाठीवरचं पोतं उतरवलं. "बायजी, तुम्ही मांस खाल्लंत, दुवेला ओमिन म्हणालात. आता ज्येष्ठांच्या शब्दावर आम्ही कोण?" उत्तर आलं: उभय पक्षांत समेट, अर्ज निकाली. सेझिमने ते दोनदा वाचलं. कुस्तीचे बूट धुतले, वाळवले, कागदात गुंडाळले आणि शेजारच्या मुलीला देऊन टाकले. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता माझं ऐक. परवा बेगायने सेझिमला फोन केला. मला सेझिमनेच सांगितलं. नवीन मुलगी आली आहे, खात्यातल्या कोणाची तरी भाची, एकोणपन्नासमध्येच. बेगाय अंगाला प्लास्टिक गुंडाळून पळते, दोन दिवस पाणी सोडते, आणि तरी यादीत नाव नाही. अगाय तिला काय म्हणतात तेही सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही, ते तू तिच्या तोंडून ऐक आणि तिच्याच शब्दांत लिही. आणि मंगळवारी तू ग्रंथालयात येऊन तामारा-एजेला विचारलंस की अर्ज कसा लिहायचा. मी मागच्या खोलीत बादली भरत होते. तुझा आवाज ऐकला आणि नळ बंद करायचं विसरले.

पुडक्यात माझी वही आहे, मूळ वही, प्रत नाही. पुढची पानं कोरी आहेत, आकडे घातलेले आहेत. पण आधी सत्तावन्नावं पान बघ. त्यावर वर लिहिलंय: "आज लिहिलं; घटना तीन वर्षांपूर्वीची." उशिरा लिहिलेलं उशिराचं म्हणूनच लिहावं लागतं, नाहीतर बाकीच्या पानांचीही किंमत जाते. मुलींचं ते पहिलंच वर्ष होतं, ऑक्टोबरचा पहिला शनिवार, सकाळचा सराव. तू गाडीतून पाव आणायला बाहेर गेली होतीस. बेगायचा डाव फसला आणि अगाय म्हणाले, "ही मॅटवर उभी आहे की कोणी ओलं पीठ थापलंय? बापाला सांग, घोडे विकतोस ना, ही घोडीही घेऊन जा, कोणी फुकट नेलं तर!" मग ते आम्हा बाकावरच्या पालकांकडे बघून हसले. त्या सकाळी त्यांनी सेझिमला सोनं म्हटलं होतं. मी हसले, बुरुलचा. सगळ्यांत आधी, आणि मोठ्याने. बेगायने माझ्याकडे बघितलं. तू पाव घेऊन आत आलीस, विचारलंस, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही नाही, अगाय गंमत करतायत." तुझ्या मुलीला वाकडा शब्द बोलले नाहीत असं तुला वाटत राहिलं, कारण मी तुला सांगितलं नाही. एवढ्या तारखा लिहिल्या, ही एक गाळली. पानाखाली माझं नाव, पासपोर्टचा क्रमांक आणि सही आहे: मी हजर होते, मी ऐकलं, मी हसले. तुझ्या अर्जाला दुसऱ्या पालकाची सही लागेल, ती ही घे. बोलावलं तर समितीपुढे येऊन हेच तोंडाने सांगेन, बेगायच्या देखत. आणि ते दारात मेंढरू घेऊन आले, तर त्यांना बसव, चहा दे, पण हात मांडीवरच ठेव. मला एकटीला ते जमलं नाही. निरोप पाठव, मी येऊन तुझ्या शेजारी बसेन.

अजूनही म्हणू देशील तर,
तुझीच,
उल्कान