हातवाली खुर्ची

३ जानेवारी
वही नवी. पेन जुनं. संकल्प एकच: या वर्षात कायम व्हायचं. बाकीचे संकल्प (गुटखा, खोलीतल्या बुटक्याशी भांडण) नंतर बघू.

हिशोब साधा आहे. पंप हाऊसमध्ये आम्ही दोघं. हिरवं बटण मी दाबतो, हिरवंच बटण ते दाबतात. पाणी दोघांचंही सारखंच चढतं. पण ते पाणी विभागाचे कायम नोकर आणि मी ठेकेदाराचा माणूस. त्यांना रजा, त्यांना पेन्शन, त्यांना क्वार्टर. त्यांना हात असलेली खुर्ची, पाठीवर पांढऱ्या रंगात ‘जल विभाग – ४१’. मला क्लोरीनचा रिकामा ड्रम, उलटा घातलेला.

तोंडावर मी त्यांना काका म्हणतो. वहीत कायमराव.

९ जानेवारी
कायमराव बसले की खुर्ची करकरते. मला ऐकू यावं म्हणून मुद्दाम हलतात. आज अकरा वेळा.

काही कामासाठी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. काम काही नव्हतं. दोन खोल्या, मोरी, घरातला नळ. त्यांची बायको नळ सोडून भांडी घासते आणि मधेच कुणाशी तरी बोलत बसते. नळ चालूच! आमच्या खोलीत सहा जण आणि एक बादली.

आईला फोन केला. म्हटलं, कायम झालो की क्वार्टर, क्वार्टर मिळालं की तू इकडे. म्हणाली, कधी? म्हटलं, याच वर्षी. म्हणाली, मागच्या वर्षीही याच वर्षी म्हणाला होतास. आईची स्मरणशक्ती हल्ली उगाच वाढलीय.

२२ जानेवारी, दुपार
मोठी बातमी!! गेटवर कायम नोकरांच्या युनियनचं पत्रक चिकटवलंय. ‘जल विभागात नवउदारमतवादी धोरण आणणाऱ्या सरकारचा धिक्कार.’

तीनदा वाचलं. मी सातवीपर्यंत शिकलोय, शब्द फोडता येतो. नव म्हणजे नवं. उदार म्हणजे उदार. म्हणजे सरकार आता नव्याने उदार होणार. आणि हे लोक धिक्कार करतायत! का? कारण उदार होऊन सरकार देणार कुणाला? ज्यांना नाही त्यांना. म्हणजे मला.

पोट भरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या ताटातलं खुपतं. इतके जळकुटे लोक असतात जगात, कमाल आहे.

११ फेब्रुवारी
साहेबांनी मीटिंग घेतली. आम्हालाही उभं राहू दिलं. म्हणाले, पाणी तोट्यात जातं, तो तोटा इतकी वर्षं तिजोरी भरत आली, आता भरणार नाही. बाहेरच्या बँकेचं कर्ज हवं तर पाण्याचा खर्च पाण्यातूनच निघाला पाहिजे, अशी तिची अट आहे. म्हणून विभागाचे तीन तुकडे. टाक्या आणि पाइप सरकारच्याच मालकीचे. चालवणार कंपनी, पंचवीस वर्षांच्या करारावर. आणि दर ठरवायला, कंपनीवर नजर ठेवायला एक नवा नियामक.

बाकी सगळ्यांचे चेहरे पडले. मी मनात गुणाकार केला. एकाचे तीन विभाग, म्हणजे जागाही तिप्पट. तीन खुर्च्या तर कुठे गेल्याच नाहीत.

७ मार्च
जनसुनावणी. दर वाढवावेत का, कंपनी यावी का, लोकांनी बोलायचं. ठेकेदाराने बोलायला चिठ्ठी दिली होती. ती खिशातच ठेवली आणि स्वतःचं बोललो. म्हटलं, मी गरीब कामगार, हे धोरण मला पाहिजे, सरकारने उदार व्हायलाच पाहिजे, आणि जे नको म्हणतात त्यांच्या खुर्च्या बघा. पुढच्या रांगेतल्या टायवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने माझं नाव लिहून घेतलं! मागून युनियनवाले ‘शाब्बास रे नवउदार’ म्हणून ओरडले. बरं वाटलं.

परत येताना कायमरावांनी विचारलं, उदारचा अर्थ तुला काय वाटला? सांगितला. ते बराच वेळ हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, अरे बाळा, बाजाराला मोकळं सोडायचं, तो हा उदारपणा. सरकार हात सैल सोडणार नाही, हात वर करणार आहे.

जळफळाट. दुसरं काय.

१ एप्रिल
कंपनी आली. गेटला नवा रंग, निळा. मी कंपनीत नाही. कंपनीने काम एका एजन्सीला दिलंय, एजन्सीने आमच्या जुन्या ठेकेदाराला, ठेकेदाराने मला. त्यामुळे मी वरून चौथा. पण आधी माझा हुद्दा ‘हेल्पर’ होता, आता कागदावर ‘सेवा भागीदार’. भागीदार! कायमराव फक्त नोकर, कंपनीत उसने दिलेले. मी त्यांच्या वर गेलो, आणि त्यांना अजून कळलेलं नाही.

भागीदाराला रजा नसते. मालकाला कुठे असते? शर्टही आपला आपण शिवायचा. ड्रम तोच.

१७ जून
पंपावरून आठवडाभर मीटर बसवायच्या टोळीत. आजवर घरांना ठरावीक पट्टी होती. हॉटेलं आणि कारखाने जास्त भरायचे, त्यात घरांचं भागायचं. आता ज्याने त्याने आपल्या थेंबाचा खर्च द्यायचा. गल्लीतल्या बायका मीटरवर बसून राहिल्या. एक आजी तर त्यावर पापड वाळत घालू लागली. मग पोलिसांच्या दोन गाड्या आल्या.

कायमरावांना म्हटलं, सरकार गेलं म्हणता, मग पोलिस कुणाचे? पहिल्यांदाच त्यांनी मला समोर बसवलं (ड्रमवर). म्हणाले, सरकार कुठे गेलंय? खुर्ची बदललीय त्याने. आधी पाणी द्यायला बसायचं, आता करार पाळला जातोय की नाही ते बघायला बसतं.

खुर्चीशिवाय यांना दुसरा विषय सुचत नाही.

२९ जून
आमच्या खोलीलाही मीटर. मीच बसवला. सहा जणांच्या अंघोळीच्या पाळ्या ठरल्या. माझी मंगळवार-शनिवार. बुटक्या शिव्या देतो आणि माझ्याकडे बघतो.

१४ ऑगस्ट
मीटर लागल्यावर लोक पाणी कमी वापरायला लागले. कंपनीचा धंदा बसला. मला वाटलं, बुडाली आता. पण करारात कलम निघालं: इतकं पाणी विकलं जाईलच, अशी सरकारची हमी. कमी पडलं तर फरक सरकार भरणार. आणि भरला! त्याच तिजोरीतून, जिला तोटा परवडत नव्हता.

कायमरावांना जाऊन सांगितलं, बघा, सरकार उदार झालं की नाही? शब्द बरोबरच होता माझा. पत्ता फक्त चुकला. एकदा पत्ता दुरुस्त झाला की झालं.

त्यांनी चहा दिला. कपात, ग्लासात नाही. घाबरलेत.

५ सप्टेंबर
कंपनीचं टार्गेट: दिवसाला बावीस तास दाब. मोजायचा गेज टाकीच्या तोंडाशीच आहे, तिथे दाब असतोच. टेकडीवरच्या गल्लीत नळ दिवसात दोनच तास येतात, तेही फुसफुसत. पण गेज गल्लीत नाही, आणि रिपोर्टही गेजचाच जातो. मी रोज बावीस लिहितो, अक्षर सुंदर. कंपनीला उत्तम कामगिरीचा बोनस मिळाला. माझ्या अक्षरावर. कुणाच्या तरी लक्षात येईलच.

२० ऑक्टोबर
कायमराव चालले!!! स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा म्हणजे अशी की नाही म्हणाल तर बदली तीनशे मैलांवर. त्यांनी सही केली. क्वार्टर आठवड्यात खाली करायचं.

दिवसभर शिट्टी वाजवली. जागा रिकामी, खुर्ची रिकामी, क्वार्टर रिकामं. आईला म्हटलं, भांडी बांधायला घे. कायमरावांनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खुर्चीकडे बघत होतो, त्यामुळे ते काय म्हणाले ते नीट ऐकलं नाही.

२ नोव्हेंबर
नोटीस: ‘सदर पद व्यपगत समजण्यात यावे.’ शब्द भारी वाटला. मला वाटलं माझी श्रेणी. दिवसभर ‘व्यपगत ऑपरेटर’ म्हणून फिरलो, गेटवाल्याला तसंच सांगितलं. बुटक्याने फोनवर अर्थ शोधला. व्यपगत म्हणजे संपलं. माणूस गेला की जागाही गेली. नवीन भरायची नाही.

क्वार्टर पाडायला सुरुवात. जमीन लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलीय, वर मॉल होणार आहे. आईला अजून सांगितलं नाही. तिने भांडी बांधलीत.

२१ नोव्हेंबर
पंपाला सेन्सर लागला. पाणी उतरलं की पंप आपोआप चालू, दुसऱ्या शहरातला कुणीतरी स्क्रीनवर बघतो. हिरवं बटण काढून तिथे झाकण लावलंय. मी तरी झाकण दाबून बघितलं.

मला काढलं नाही. भागीदाराला काढता येत नाही, असं ठेकेदार म्हणाला. फक्त ड्युटी येत नाही. मी म्हटलं, सुनावणीत टायवाल्याने माझं नाव लिहून घेतलं होतं. तो म्हणाला, ती यादी कंपनीने रिपोर्टमध्ये छापलीय, ‘समाधानी कामगार’ म्हणून. मागितलीस तर एक प्रत देईन.

८ डिसेंबर
गेटवर कोण भेटावं? कायमराव! नियामकाने त्यांना गेज तपासायला ठेवलंय. कसलं कायम, अकरा महिन्यांचा करार! आनंदाने ओरडलो. काका, तुम्हीपण कंत्राटी! ते म्हणाले, हो रे, आता आपण भाऊ भाऊ. ‘बावीस’चं अक्षर ओळखलं त्यांनी. टेकडीवरच्या गल्लीत गेज लावायला लिहिलंय म्हणे. तो लागेल की नाही ते करार बघून ठरेल.

घरी येईपर्यंत आनंद टिकला. मग लक्षात आलं. त्यांना अकरा महिने. मला अकरा दिवसही नाहीत.

२४ डिसेंबर
जुन्या सामानाचा लिलाव, लॉट नंबर १४. बोली लावणारा मी एकटाच. खुर्ची माझी झाली. हातांसकट, ‘जल विभाग – ४१’ सकट. भर रस्त्यातून डोक्यावर आणली. लॉटमध्ये खुर्चीबरोबर ड्रमपण होता, तोही घ्यावा लागला.

३१ डिसेंबर, सकाळ
आईचा फोन. विचारलं, वर्ष संपलं, झालास का कायम? म्हटलं, आई, काकांची खुर्ची मिळाली. एक अक्षर खोटं नाही. तिने शेजारच्या मावशीला इतक्या जोरात ओरडून सांगितलं की माझा कान बधिर झाला. म्हणाली, आता पाठ टेकून बस बाबा, लहानपणापासून नुसता उकिडवा बसलास. आणि मी कधी येऊ?

म्हटलं, पाण्याचं बघून सांगतो.

खुर्चीला खोलीत पाळ्या लागल्यात, अंघोळीसारख्या. आत्ता बुटक्याची आहे. करकरवतोय मुद्दाम. मी ड्रमवर बसून लिहितोय.