सगळे हजर

प्रिय तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतल्या मुली,

तुझं नाव मला माहीत नाही, आणि ते विचारावं इतकी या शाळेत माझी कोणाशी ओळखही नाही. या खोलीच्या दाराखालून सरकवलेला कागद बघून दचकली असशील. घाबरू नकोस, मी कोणी बाई-बिई नाही. परवा आगीची घंटा वाजली तेव्हा समोरच्या इमारतीच्या खिडकीत जी बावळटासारखी उभी होती, ती मी. नववी ब. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि हे कोणाला सांगावं म्हटलं तर तुझ्याशिवाय दुसरं कोणी सुचेना.

आईची बदली झाली म्हणून आम्ही वर्षाच्या मधेच या शहरात आलो. पहिल्या आठवड्यात माझी नुसती चंगळ होती. कुठून आलीस, तिकडे थंडी असते का, तो शब्द पुन्हा म्हण ना, किती गोड म्हणतेस! दुसऱ्या आठवड्यात नवलाई संपली. कोणी वाईट वागलं नाही गं, तीच तर पंचाईत आहे. छळलं असतं तर निदान तक्रार करता आली असती. माझ्या वर्गातल्या मुली बालवाडीपासून एकत्र आहेत. एकीने नुसतं ‘तो छत्रीचा दिवस’ म्हटलं की सगळ्या पोट धरधरून हसतात. मीही हसते, जरा उशिरा. मधल्या सुट्टीत बाकावर जागा असते, पण ती कोणाची तरी असते. मग मी कामात असल्याचं सोंग शिकले. पाण्याची बाटली भरायची, कोपऱ्यात जाऊन ओतायची, पुन्हा भरायची. सूचनाफलक तोंडपाठ होईपर्यंत वाचायचा. जिन्यावरून भराभर चालायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, हिला कुठेतरी पोचायचंय. तुला हे काही नवीन नसणार.

एक दिवस अशीच भराभर चालताना नाटकाच्या सामानाची खोली सापडली. तिचं कुलूप नुसतं अडकवलेलं असतं. आत पुठ्ठ्याची झाडं आहेत, मिशांचा डबा आहे आणि हात मोडलेलं एक सिंहासन आहे. त्यावर महाराणी रोज एकट्या जेवतात. पहिल्या दिवशी मला त्या खोलीत इतकं हायसं वाटलं की जेवणाचा डबा उघडल्या उघडल्या रडूच आलं.

घरी मात्र सगळं झकास. माझ्या धाकट्या भावाने एका चेंडूच्या जोरावर अख्खी गल्ली खिशात घातली आहे. आई मला विचारते, “मैत्रिणी झाल्या का गं?” मी म्हणते, “झाल्या की!” काय सांगू तिला? बदली घेऊ का म्हणून तिने आधी मलाच विचारलं होतं, आणि बिनधास्त घे म्हणणारी मीच. जुन्या शाळेतली मैत्रीण आधी रोज फोन करायची. आता करते तेव्हा मला माहीत नसलेल्या कोणातरी मुलीच्या गमती सांगते आणि मधेच थांबून म्हणते, “जाऊ दे, तू असायला हवं होतंस.”

तर परवा. घंटा वाजायला लागली आणि थांबेचना. मी दार किलकिलं केलं तर जिन्यात धूर. तो सरावासाठी मुद्दाम केला होता हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मला खरंच वाटलं, शाळेला आग लागली आहे. खाली मुलं धावत होती, कोणीतरी ओरडत होतं. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? आत्ता इथून बाहेर पडले तर सगळ्यांना कळेल की मी इथे बसते. मी दार लावून घेतलं. अगं, आग लागली आहे असं समजून मी दार आतून लावून घेतलं! मी भित्री आहे हे मला माहीत होतं, पण आगीपेक्षा लोक काय म्हणतील याला भिणारी इतकी मूर्ख आहे हे माहीत नव्हतं.

मग खिडकीशी गेले. मैदानात सगळे वर्ग रांगा करून उभे होते. तुमच्या वर्गालाही तोच नियम असेल, प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा, म्हणजे गणती झटपट होते. मी आले तेव्हा आमच्या वर्गातल्या जोड्या कधीच्याच लागलेल्या होत्या, म्हणून बाईंनी मला दोघींच्यात तिसरी घातलं होतं. त्या दोघी खरंच चांगल्या आहेत, एक ताडमाड उंच आणि एक चष्मेवाली. त्यांनी एकमेकींचा हात धरला आणि वर केला. बाईंनी सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. खेळाच्या सरांनी कर्ण्यावरून ओरडून सांगितलं, “नववी ब, सगळे हजर!” मी वरून ऐकलं. मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, थांबा, ती नवीन मुलगी कुठंय? मी वाट बघितली. सर दहावीकडे वळले.

तेवढ्यात मी मान वर केली आणि समोर तू. दोन वेण्या, हातात अर्धवट खाल्लेलं सफरचंद. तुझा वर्गही सगळा हजर होता, हो ना? तुझ्या चेहऱ्याकडे बघून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण माझा चेहरा त्या क्षणी कसा दिसत असेल ते मला तुझ्याकडे बघून कळलं. हात हलवावा असंही आपल्या दोघींना सुचलं नाही. मग तू खाली वाकलीस आणि मी पुठ्ठ्याच्या झाडामागे गेले.

नंतर वर्गात बाई म्हणाल्या, “शाबास! सगळ्यात आधी आपला वर्ग पूर्ण झाला.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी आईला सांगितलं, आमचा वर्ग पहिला आला. ती इतकी खूश झाली की मी ताट उचलून लवकर उठले.

आता हे पत्र का, ते सांगते. आज फलकावर लागलंय की जोड्यांची ही पद्धत फार उत्तम ठरली, म्हणून ती कायम करणार आहेत. मी ते तिथेच उभं राहून पुन्हा पुन्हा वाचलं. पुढच्या वेळी धूर खरा असला तर? तेव्हाही ‘सगळे हजर’ म्हणतील आणि पुढच्या वर्गाकडे वळतील. म्हणून उद्या मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन सांगणार आहे की गणती चुकली होती आणि नावं वाचूनच हजेरी घ्या. मग मी कुठे होते ते विचारतील, खोलीला खरं कुलूप लागेल, वर्गाला कळेल, आणि आईला बोलावून सगळं सांगतील. या शेवटच्या गोष्टीची मला सगळ्यात भीती वाटते. तुझ्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. पण गणती एकीने चुकली असं मी म्हटलं तर ते अर्धंच खरं असेल, आणि एकटीने आत जायला माझे पाय उचलतील की नाही याची मला खात्री नाही. येशील का माझ्याबरोबर? मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या नळापाशी थांबते. बाटली भरलेलीच असेल, पुन्हा भरणार नाही. मला ओळखशीलच. या अख्ख्या शाळेत परवा मला बघितलं ते फक्त तू.

चालत असेल तर, तुझीच,
समोरच्या खिडकीतली