दोन दाढ्या, एक टेबल

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा बाथरूमच्या भिंतीला दगड चिकटवले. दगड कसले, थर्माकोलवर रंग! जवळून बघितलं तर हसू येईल. पण जवळून बघतंय कोण? कॅमेरा चार हातांवर उभा असतो आणि घरच्यांना शूटिंग संपेपर्यंत टेकू देत नाहीत.

अकरा वर्षं झाली मला या कंपनीत सुतारकाम करून. एकाच शेडमधून तीन कार्यक्रम निघतात. पहिला, तीन दिवसांत घर पालटून टाकणारा. दुसरा, जुन्या वस्तू दुरुस्त करणारा. तिसरा, घर शोधणाऱ्या जोडप्याला तीन घरं दाखवणारा. त्यात पहिलं घर महाग, दुसरं लांब आणि तिसरं अगदी मनासारखं. जोडपं सोफ्यावर बसून विचार करतं, जाहिराती होतात, मग तिसरं घेतात. घेणारच, दोन महिन्यांपूर्वीच घेतलेलं असतं! शूटिंगसाठी त्यांचं सामान दोन दिवस बाहेर काढून ठेवायला मीच जातो. दारावरची त्यांच्या नावाची पाटीही मीच काढतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

ताईचा फोन. आवाज फुटत नव्हता आनंदाने. "अरे, माझं घर निवडलं तुमच्या लोकांनी! तो दाढीवाला येणार आहे!"

मला न विचारता फॉर्म भरला हिने. वर लिहून दिलं की कंपनीत कुणी नातेवाईक नाही. असला तर घर बाद होतं आणि नातेवाइकाची नोकरीही जाते. म्हटलं, ताई, कपाळ माझं! तर म्हणाली, "तुझं नाव कुठं लिहिलंय मी? आणि दाजींचं टेबल नीट होईल रे एकदाचं."

टेबल म्हणजे दाजींचं कटिंगचं टेबल. दाजी शिंपी होते. लग्नानंतर ताई शिवायला बसली तेव्हा त्यांनी तिच्या उंचीला बेतून ते टेबल करून घेतलं, उभं राहून कापताना कंबर दुखू नये म्हणून. दाजी गेले आणि वर्षभरात त्याचा एक पाय किडला. तेव्हापासून खाली वीट. कापड पसरलं की डुलतं, कात्री वाकडी जाते. म्हणून ताई जमिनीवर बसून कापते आणि संध्याकाळी उठता येत नाही तिला. मी तीनदा म्हटलं, आणून देतो नीट करून. नाही! चार दिवस ते घराबाहेर राहायला नको. टीव्हीवाल्यांना मात्र लगेच हो.

तरी बरं वाटलं. दुरुस्तीवाला असेल तर टेबल वाचेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कॉलशीट आली, म्हणजे कुठल्या घरी कोण जाणार त्याचा कागद. ताईकडे दुसराच येतोय. हातोडा!

इथे नीट लिहून ठेवतो, कारण जगात कुणालाच या दोघांतला फरक कळत नाही. दोघांना दाढी, दोघांना चौकड्यांचा शर्ट, दोघांच्या बाह्या दुमडलेल्या. दुरुस्तीवाल्याला आम्ही रंधा म्हणतो. तो डावखुरा आहे, हळू बोलतो, वस्तूवरून हात फिरवतो आणि डोळे मिटून "हिला खूप सांगायचंय" म्हणतो. करत काहीच नाही. पहिले दोन काचकागद घासतो आणि शेवटचं फडकं मारतो, मधली चार दिवसांची मेहनत माझी. पण वस्तू वाचते, एवढं खरं.

हातोडा म्हणजे पालटवाला. उजवा. कानामागे पेन्सिल असते, तिला आजवर टोक काढलेलं मी पाहिलं नाही. मोठ्याने बोलतो, टाळ्या वाजवतो, प्रत्येक भागात पहिल्या दिवशी घरातली एक मोठी वस्तू घणाने फोडतो आणि म्हणतो, "जुन्याला निरोप!" मग उशा. तो गेल्यावर घरात माणसं कमी आणि उशा जास्त.

ताईने फोटोतली दाढी बघून खूण केली असणार. फॉर्मवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी आहेत.

आराखडा बघितला. शिवणकामाच्या खोलीत भिंतीला लटकणारं घडीचं फळकुट. पुढे ठळक अक्षरांत लिहिलंय: फोडायची वस्तू, जुनं टेबल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दिग्दर्शकाला म्हटलं, टेबल सागाचं आहे, तुटणार नाही, मी डमी बनवतो. आम्ही बनवतोच अशा वस्तू. खालून करवतीने अर्ध्यापर्यंत काप घेतले की एका घावात दुभंगते. तर म्हणाला, "काका, खरंच तुटलं पाहिजे. प्रेक्षकांना कळतं."

प्रेक्षकांना कळतं! ज्यांना दोन दाढ्या कळत नाहीत त्यांना!

ताईला सांगायचं म्हटलं तर ती नको म्हणेल, चौकशी होईल, नातं बाहेर पडेल. तिची गळकी मोरीही तशीच राहील. ती मोरी हे लोक खरोखरच नीट करतात, तेवढं एक काम चोख होतं. ठरलं. कुणाला न सांगता डमी करायची, खरं टेबल व्हॅनमधून शेडमध्ये. मग मी त्याला पाय बसवून देईन.

९ फेब्रुवारी, रविवार

शेड रिकामी. दिवसभर टेबल केलं. जुन्या दाराच्या फळ्या घेतल्या, चहाचं पाणी आणि काजळी लावून रंग जुना केला. इस्त्रीचा डाग होता तसाच जाळून काढला. कडेला खडूच्या रेघा. खालून नऊ काप घेतले, वरून काही दिसत नाही. अंगठ्याने दाबलं तर फक्त कुरकुरतं.

रंध्याने जन्मात असं केलं नसतं! बघत बसलो मी.

एकच गोष्ट जमली नाही. एक पाय खराब करायला हवा होता, पण हात तयार होईना. तीनदा करवत लावली आणि काढली. चाळीस वर्षं सरळ करायचीच सवय. शेवटी चारही पाय नीट ठेवले. म्हटलं, कोण बघतंय?

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला दिवस. ताईला आणि भाचीला पहाटेच हॉटेलवर नेलं. त्यांचे फोन काढून घेतले. मला बघून ताई अनोळखी माणसासारखी नमस्कार करून गेली. नाटक तिलाच चांगलं जमतं!

सगळे नाश्ता करत होते तेव्हा अदलाबदल केली. डमी खोलीत ठेवली, खरं टेबल ब्लँकेटमध्ये गुंडाळून माझ्या व्हॅनमध्ये टाकलं. पाच मिनिटांचं काम. मग मला मोरीत पाठवलं, टाइलमागचं लाकूड सडलं होतं.

तिथूनच ऐकलं. हातोडा ओरडला, "जुन्याला निरोप!" मग घाव. एक. काही नाही. दोन. तीन. दिग्दर्शक म्हणाला, पुन्हा घेऊ. मी मोरीत तोंड दाबून हसलो. माझ्या डमीला एक घाव पुरे होता, लहान मुलाने पाडली असती, आणि महाराष्ट्रभर बाह्या दुमडून फिरणाऱ्या ह्याला ती मोडेना! सात घाव मोजले मी. सातव्याला मोडलं. नंतर मनगट चोळत होता. टीव्हीवर मात्र एकाच घावात मोडलेलं दिसेल.

तुकडे कचऱ्याच्या ट्रकमध्ये गेले. मी गेलो तोवर ट्रक निघाला होता. गेला तर गेला, जुन्या दाराच्या फळ्या त्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रंग. पहिला हात वाळायच्या आत दुसरा. महिन्याभरात पोपडे येतील.

बेडरूममध्ये आठ उशा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज उलगडा. ताईला डोळे झाकून आणलं, पट्टी काढली, कॅमेरे तीन. ताई म्हणाली, "अगं बाई!" तर दिग्दर्शक म्हणतो, जरा मोठ्याने. पुन्हा पट्टी, पुन्हा "अगं बाई!" चौथ्यांदा तिचं ते "अगं बाई" ऐकून मलाच लाज वाटली.

मग शिवणाच्या खोलीत आली. फळकुट बघितलं. कोपरे बघितले. हातोड्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही ते दुरुस्त करणारेच ना? माझं टेबल कुठं नीट करताय?"

 हातोडा नेहमीसारखा दात दाखवून हसला. मग त्याने तिला मॉनिटरवर फोडण्याचं दृश्य दाखवलं. तेही ठरलेलं असतं. ताई खाली बसली. रडली. कॅमेरा जवळ गेला. दिग्दर्शक हळूच म्हणाला, "हे भारी आलं." त्या क्षणी त्याच्या डोक्यात माझा रंधा घालावासा वाटला.

जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे गाठली तिला. म्हटलं, रडू नकोस, फोडलं ते मी केलेलं होतं. खरं माझ्याकडे आहे. रविवारी शेडवर ये, पाय बसवून देतो.

ताईने माझा दंड एवढा धरला की वळ उठले. मग परत आत गेली आणि कॅमेऱ्यासमोर अशी हसली, की दिग्दर्शक म्हणाला, बघा, घर बदललं की माणूस बदलतो!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसऱ्या कार्यक्रमाचं काम. रंध्याने एका खुर्चीवर हात ठेवून डोळे मिटले. तिला खूप सांगायचंय म्हणे. खुर्चीला वाळवी होती, तिला काय सांगायचंय ते मी सांगितलं असतं.

पायासाठी सागाचा जुना तुकडा मिळाला. रेषा सरळ. चांगला आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताई सांगितलेल्या वेळेच्या आधीच आली. म्हटलं, तू बाहेर बस, मी आधी पाय काढतो. ब्लँकेट सोडलं, टेबल जमिनीवर ठेवलं.

डुललं नाही.

कंटिन्युइटीच्या मुलीला फोन केला, प्रत्येक वस्तू फोटोतल्यासारखीच आहे ना हे सेटवर तीच बघते. ती म्हणाली, "पाहणीच्या फोटोत एका पायाखाली वीट होती ना, काका. खोलीतलं तर सरळ उभं होतं. फोटोतलं टेबल तुमच्या व्हॅनमध्ये सापडलं, चुकून चढवलं असेल कुणी. मुलांकडून बदलून घेतलं. ऐन वेळी लक्षात आलं म्हणून बरं!"

एवढ्यात ताई आत आली. टेबल हलवून बघितलं, पुन्हा हलवलं, हसली. "झालंसुद्धा? काय सुंदर पाय बसवलास रे! दाजी असते तर..." आणि दोन्ही हात ठेवून, कापताना टेकायची तशी, त्यावर वाकली.

"टेकू नकोस, ताई!" मी ओरडलो.

"का रे?"

ती बाहेर बसली आहे. चहा निवला. मी आत टेबलाखालचे ते नऊ काप पुन्हा पुन्हा मोजतोय.