उसन्या सामानाच्या लक्ष्म्या

रविवार, ९ सप्टेंबर २०१८
कोठ्यांचे तळ गंजून गेले म्हणे! लक्ष्म्या सहा दिवसांवर आल्या, म्हणून मुखवटे बसवायच्या, गावी राहिलेल्या दोन्ही पत्र्याच्या कोठ्या एसटीत टाकून द्या, असं सांगायला दिराला, आप्पासाहेबांना, फोन केला होता. तर हे उत्तर. आणि वर —
"वहिनी, मुखवटे तुम्ही नेले, ठीक. थोरलं घर तुमचं. पण लक्ष्म्या गाव सोडून जात नसत्यात. पूजेला येतो मी. रीतीनं झालं नाय तर मुखवटे माघारी नेईन."
म्हटलं, "या की."
पितळेचे दोन मुखवटे. माझ्या सासूच्या सासूपासूनचे. आमचे हे गेले त्या साली सुतकामुळं मुखवटे ट्रंकेतच राहिले. गेल्या साली मला धीर झाला नाही. यंदा उभ्या करणार. इथंच, शेंद्र्याच्या या एका खोलीत.

सोमवार, १०
मुखवटे आपले. बाकी सगळं मागायचं. लाज कसली!
मागच्या बंगल्यातल्या भानुमतीताईंनी यंदा फायबरच्या आख्ख्या लक्ष्म्या घेतल्यात. जुने लोखंडी स्टँड माळ्यावर पडून होते. "न्या हो, सांभाळतच होते कुणासाठी तरी." घरमालक साहेबराव यांच्याकडून फळी आणि विटा. समोरच्या रुखसाना भाभीकडून दिव्यांची माळ आणि मागं लावायला जरीकाठाचं हिरवं कापड. भाभी कपडे शिवते.
साड्या मात्र उसन्या चालत नाहीत. लक्ष्मीला कोरीच लागते. सूनबाईच्या, अपेक्षाच्या, माहेरच्या दोन साड्या घडी न मोडलेल्या आहेत. तिनं आपणहून काढून दिल्या.

बुधवार, १२
टँकर आला. पाचव्या दिवशी. दोन ड्रम भरले.

शुक्रवार, १४
आज लक्ष्मीचं अंग केलं. स्टँड म्हणजे नुसता सांगाडा — खाली तीन पाय, मधे कमरेचं कडं, वर मानेची नळी. आमच्या मुखवट्याची मान रुंद. नळीवर बसवला की गरगर फिरतो. जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळत गेले, सात वेढ्यांनी घट्ट बसला. हातांना चिंध्या भरलेल्या बाह्या शिवल्या. परकर दोन-दोन, म्हणजे घेर येतो.
साडीवर घोडं अडलं. अपेक्षा सारखी निऱ्या पाडी, त्या सारख्या सुटत. भाभी दारातून बघत होती. शेवटी चपला काढून आत आली.
"अम्मा, इसकी कमर किधर है?"
"असती तर तुला विचारलं असतं का!"
अशी हसली! तोंडात टाचण्या धरून कड्याभोवती नाडी बांधली, निऱ्या आधी मोजून दोऱ्यानं ओवल्या, मग एकदम खोचल्या. पदर खांद्यावर आतून टाचला, टाचणी दिसू नये म्हणून. अर्ध्या तासात दोघी नटून उभ्या. "अब लगरे बहनां जैसे."
मी मागं सरकून बघितलं. छान दिसत होत्या. तेवढ्यात माझ्या लेकानं, कृष्णानं, पंखा लावला आणि धाकटी लक्ष्मी सरळ भिंतीवर कलंडली!
चूक माझी. गावी कोठीत आधी ज्वारी भरायची, मग साडी. धान्य लक्ष्मीच्या पोटात राहतं — मान म्हणूनही आणि वजन म्हणूनही. इथं सांगाड्याला पोटच नाही, म्हणून मी धान्य विसरले. तीस वर्षं करते आहे आणि हे विसरले!
धान्य तरी कुठून? यंदा शेतात काही नाही. डब्यात चार किलो गहू. अपेक्षा म्हणाली, "आई, विटा ठेवू." म्हटलं, लक्ष्मीच्या पोटात विटा? नाही. पायली घेऊन निघाले. साहेबरावांनी ज्वारी दिली, ताईंनी गहू, भाभीनं तांदूळ. "हमारा चलता ना?" असं विचारलं तिनं. म्हटलं, "धान्याला कुठं घर असतं." उशांच्या खोळींत भरून तिन्ही पायांच्या मधे बसवलं, निऱ्या पुन्हा केल्या. पंखा लावला. हलल्या नाहीत.

शनिवार, १५
आल्या!
पण कशा, ते लिहून ठेवते. मुखवटे दारातून आत आणायला घरच्या दोन सवाष्णी लागतात. गावी एक मुखवटा माझ्याकडं असे, दुसरा जाऊबाई भागूबाईकडं. हे गेल्यावर माझी जागा अपेक्षाची. पण दुसरी? शेजारीण मागावी, तर वेळ सगळ्या गल्लीची एकच. भानुमतीताईंच्या घरातून ताट वाजवल्याचा आवाज येऊ लागला होता. अपेक्षा थोरलीला सुपात घेऊन उंबऱ्याबाहेर उभी. धाकटी पाटावर.
कृष्णा हळूच म्हणाला, "आई, तू घे."
घेतली. पदर खोचला आणि घेतली. तीन वर्षांनी ते थंड पितळ हाताला लागलं. डोळे भरले, पण पाय अडला नाही. कृष्णानं आमच्या दोघींच्या पायांवर पाणी घातलं, मी विचारलं, "लक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी?" कृष्णा ताट वाजवत ओरडला, "सोन्याच्या पावलांनी!" कुंकवाच्या पावलांवरून आत आलो. गावी धान्याचं बळद, गोठा, देवघर असं सगळं घर दाखवायचो. इथं गॅस दाखवला, ट्रंक दाखवली आणि पाण्याचे ड्रम. "इथं काय आहे?" "उदंड पाणी!" अपेक्षाला हसू आवरेना.

रविवार, १६
पुरण, सोळा भाज्यांची एक भाजी, कढी, आंबील. करंज्या-पापड्यांचा फुलोरा दोरीला टांगला. भाऊजी बारालाच आले. हातात मोठी पिशवी. कोपऱ्यात ठेवली. लक्ष्म्यांपुढं खूप वेळ बसले.
बायका हळदीकुंकवाला आल्या आणि जी ती आपलं सामान ओळखू लागली. "ही माळ भाभीची ना?" "स्टँड आमचे, बरं का!"
भाऊजी म्हणाले, "यात आपलं काय हाय मग, वहिनी?"
"मुखवटे. आणि साड्या."
"धाकटी कुणी आणली? भागूबाई तर नव्हती."
अपेक्षा माझ्याकडं बघू लागली. शेजारणीचं नाव सांगता आलं असतं.
"मी आणली."
भाऊजींनी मान खाली घातली. "सण उरकू द्या. मग बोलू."
जेवले मात्र पोटभर. सहा पोळ्या.

सोमवार, १७
निरोप दिला. पोटातलं धान्य काढलं तर तिघांचं मिसळून गेलेलं. खोळीची शिवण उसवली होती. कुणाला कुणाचं द्यायचं? ताई म्हणाल्या, "मिसळलेलंच द्या. तीन दिवस लक्ष्मीपाशी होतं." तिघांना मापून दिलं. नुसतं धान्य नको म्हणून वर दोन-दोन करंज्या.
मग मुखवटे पुसले, फडक्यात गुंडाळले आणि भाऊजींपुढं ठेवले. म्हटलं, "न्यायचे तर न्या. मी अडवणार नाही. पण भागूबाईला सांगा, धाकटी विधवेच्या हातून आली आणि तीन दिवस सरळ उभी राहिली."
भाऊजींनी गाठोडं उचललं, आणि माझ्या ट्रंकेवर ठेवलं.

मंगळवार, १८
भाऊजी गेले नाहीत. सकाळी साहेबरावांना विचारत होते, शेजारची खोली रिकामी आहे का. गावची विहीर पोळ्यानंतरच आटली म्हणे. भागूबाई आणि लेकरं माहेरी आहेत. रविवारी येतानाच घराला कुलूप लावून आले होते ते.