शिवणक्लासचं उत्तर

देवपूर, धुळे
२२ मे २०२५

ती. अक्कास,
सुकदेवचा शि. सा. न. वि. वि.

रावेरहून तू पाठवलेले केळीचे वेफर्स चूर्णरूपाने पोचले. वैद्याने चूर्ण दिलं तर अनुपान तरी सांगतो. तक्रार नोंदवून घ्यावी.

आता मुख्य कार्य. आमची दिपमाला बीएस्सी नर्सिंग झाली, प्रथम श्रेणीत. पहिल्या वर्षी तिचा एक पेपर राहिला, तेव्हा आपल्या चुलतभावाने, प्रेमराजने, भावकीच्या ग्रुपवर बहात्तर जणांसमोर लिहिलं होतं, ‘प्रयत्न कर बेटा, नाहीतर शिवणक्लास आहेच.’ खाली हात जोडलेले. तीन वर्षं मी धार लावतो आहे. मसुदा असा:

‘शिवणक्लास सुचवणाऱ्यांनी डोळे उघडून पाहावे. एका पेपरात अडलेली दिपमाला आज प्रथम श्रेणीत! सोबत गुणपत्रिका. आता एमएस्सी, मग परदेश. काहींचे चिरंजीव अजून दुसऱ्या वर्षातच विसावले आहेत.’

शेवटी एक श्लोकही आहे, तो विषारी आहे. फोनवर पाठवला तर चुकून ग्रुपवर जाईल, म्हणून टपालाने. तपासून दे.

तुझा,
सुकदेव

रावेर
२७ मे

चि. सुकदेवास अनेक आशीर्वाद, आणि एक टपली.

बठ्ठं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पोरीचं नाव एकदा, प्रेमराजला टोमणे तीन. पत्रिकेत नवरी एका ओळीत आणि रुसलेल्या पाहुण्यांची यादी पानभर, अशातली गत. तिचा राहिलेला पेपर सांगायचा की नाही, हे तिने ठरवायचं. गुणपत्रिकेवर नंबरापासून आईच्या नावापर्यंत सगळं असतं, ती चव्हाट्यावर कशाला? आणि परदेश तू जाहीर केलास. उद्या तिने बोदवडच्या दवाखान्यात नोकरी धरली तर बहात्तर जणांच्या लेखी ती हरली की रे! प्रेमराजचा स्वप्नील कुठे विसावलाय ते त्याच्या बापाला बघू दे. मसुदा तिला दाखव, पेनासकट.

वेफर्स पुढच्या खेपेला डब्यात पाठवते.

तुझी,
अक्का

देवपूर
४ जून

ती. अक्कास शि. सा. न.

पेन दिलं. तिने श्लोकासकट सगळं खोडलं. फोटोही तिनेच निवडला. टोपी-गाऊनचा नव्हे, मैत्रीण कामिनीबरोबर हसतानाचा, आणि टाकण्याआधी कामिनीलाही विचारलं. उरलं ते हे:

‘आमची दिपमाला बीएस्सी नर्सिंग झाली. कष्ट तिचे, आम्ही डबे भरले. फोटो तिच्या परवानगीने. दिपू, फार आनंद झाला. आई आणि आबा.’

प्रेमराजने तासाभरात टक्के विचारले, पुढे काय तेही. माझी बोटं शिवशिवली, श्लोक तोंडपाठ होताच. पण तिने फोन घेतला आणि स्वतःच लिहिलं की काका, आभार, पुढचं ठरलं की सांगेन. त्याला पकडायला त्या पोस्टमध्ये काही सापडलंच नाही. कबूल करतो, मला ते फार गोड लागलं. त्याचं मौन मी दोनदा उघडून पाहिलं.

पण त्याआधी मसुदा वाचून ती एवढंच म्हणाली होती, “ते शिवणक्लासचं वाक्य मी कधीच विसरले असते, आबा. दर परीक्षेला तुम्हीच आठवण करून दिलीत.”

प्रेमराजने एकदा लिहिलं, अक्का. मी तीन वर्षं म्हणत होतो.

लोभ आहेच, तो तिच्याकडे जास्त वळव. जमेल तेव्हा तिला फोन कर. पुढे कधी तिचं काही चुकलं तर ती मला सांगेल का, याची मला भीती वाटते.

तुझा,
सुकदेव